वीस स्लाइडचा सेमिनार, दोनशे शब्दांचा गोषवारा

सेमिनारचा डेक समोर बसलेल्या श्रोत्यासाठी केलेला असतो, तर गोषवारा वाचणारा बहुतेक वेळा तिथे नसतोच. सेमिनारमध्ये वक्ता स्लाइडवरच्या चार शब्दांची चार वाक्ये करतो, आलेखावर बोट ठेवतो आणि "हा उंचवटा बघा" म्हणतो. कागदावर ते बोट नसते. त्यामुळे स्लाइडवरचे मुद्दे ओळीने उचलून एकमेकांना जोडले, तर हाती पडते ती अनुक्रमणिका: "प्रथम विषयाची पार्श्वभूमी मांडली आहे, त्यानंतर पद्धतीचे वर्णन केले असून शेवटी निष्कर्षांची चर्चा केली आहे." नवख्याचा पहिला मसुदा बहुतेक वेळा असाच असतो, आणि तो कुठल्याही विषयाला चिकटवता येतो. संशोधनात काय सापडले हे त्यात कुठेच नाही.

पुढे एक डेक घेऊन सुरुवातीपासून गोषवाऱ्यापर्यंत जाऊ. समजा, वैद्यकाच्या इतिहासातले आकडे पुन्हा तपासणारा वीस स्लाइडचा सेमिनार आहे. विषय आहे व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातले दोन प्रसूती विभाग आणि इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७मध्ये तिथे सुरू केलेली हात धुण्याची सक्ती. डेक उदाहरणासाठी कल्पिलेला आहे, पण त्यातले आकडे सेमेलवाइस यांनी १८६१मध्ये स्वतः प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांतले आहेत.

आधी काय गोळा करायचे

फक्त पीडीएफ मिळाली असेल तर मूळ फाइल मागून घ्या. स्लाइडखालच्या टिपांमध्ये वक्त्याने बोलायची वाक्ये लिहिलेली असतात, आणि दोन स्लाइडना जोडणारे "म्हणून" किंवा "पण" तिथेच सापडते. पीडीएफवरच भागवावे लागणार असेल, तर मजकूर वेगळा काढण्यासाठी ही आज्ञा पुरते:

```
pdftotext deck.pdf deck.txt
```

आलेख आणि चित्र म्हणून चिकटवलेले तक्ते यातून येत नाहीत. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधला मराठी मजकूर आला तरी वाचता येत नाही. असे आकडे स्लाइड मोठी करून हाताने उतरवावे लागतात, आणि ते उतरवताना शेजारी स्लाइडचा क्रमांक लिहायची सवय आत्ताच लावून घ्या. शेवटच्या तपासणीत तो लागतोच.

ज्यांना गोषवारा द्यायचा आहे त्यांच्या सूचनाही आधीच वाचा. दोनशे ही कमाल मर्यादा आहे की साधारण अपेक्षा? शीर्षक त्यात मोजले जाते का? "उद्देश", "पद्धती" अशी उपशीर्षके हवीत की सलग परिच्छेद? मसुदा झाल्यावर हे कळले तर सगळे पुन्हा मोजत बसावे लागते.

स्लाइडची वाटणी

आता डेक एकदा सलग वाचा आणि प्रत्येक स्लाइडपुढे तीनपैकी एक खूण करा: गोषवाऱ्यात जाईल, अर्ध्या वाक्यात भागेल, किंवा गळेल. आपल्या उदाहरणात पहिल्या दोन स्लाइड शीर्षक आणि रूपरेषेच्या आहेत, शेवटची आभाराची. या तिन्ही गळाल्या. तीन ते सहा या चार स्लाइडवर सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतपणानंतर मातेला येणारा जीवघेणा ताप, कसा असतो आणि त्या काळात त्याची दूषित हवेपासून गर्दीपर्यंत कोणकोणती कारणे सांगितली जात, हे आहे. बोलताना यात दहा मिनिटे जातील, पण गोषवाऱ्यात या चारही स्लाइड गळतात, कारण यातले काहीही संशोधकाने शोधलेले नाही. सात आणि आठ या स्लाइडवर दोन विभागांची रचना आहे, पहिल्यात शवविच्छेदन करणारे डॉक्टर व विद्यार्थी आणि दुसऱ्यात शिकणाऱ्या सुईणी, आणि ती ठेवावीच लागते, कारण पुढची सगळी तुलना त्यावर उभी आहे. नऊ प्रश्नाची, दहा-अकरा आकडे कुठून आले त्याची, बारा ते पंधरा निकालांची. सोळावर याकोब कोलेचका या सहकाऱ्याचा मृत्यू येतो: शवविच्छेदन करताना सुरी लागली आणि त्यातून ते १८४७मध्ये दगावले. सेमेलवाइसना दिशा मिळाली ती इथून. ही स्लाइड सेमिनारमधली सगळ्यांत लक्षात राहणारी असेल, तरी गळते, कारण या अभ्यासाचा प्रश्न विचार कसा सुचला हा नाही. सतरा पर्यायी स्पष्टीकरणांची, अठरा मर्यादांची आणि एकोणीस निष्कर्षाची आहे.

वीसपैकी बारा स्लाइड उरतात. यापेक्षा खूप जास्त उरल्या, तर पार्श्वभूमीकडे पुन्हा बघा, कारण डेकमध्ये जागा खाणारा भाग बहुधा तोच असतो.

उत्तराचे वाक्य आधी, बाकी नंतर

गोषवारा पहिल्या वाक्यापासून लिहायला घेऊ नका. प्रश्नाची स्लाइड आणि निकालांच्या स्लाइड तेवढ्या उघड्या ठेवा आणि एकाच वाक्यात उत्तर लिहा. ते वाक्य सुचेना, तर बाकीचे दोनशे शब्दही सुचणार नाहीत. एकदा ते हाती आले की प्रत्येक पुढच्या वाक्याला एकच कसोटी लावायची: हे काढले तर उत्तर समजायला किंवा पटायला अडचण येते का?

आपल्या डेकची एकोणिसावी स्लाइड म्हणते: "हात धुण्याने मृत्युदर १८.३ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर आणला." उत्तर तयारच मिळाल्यासारखे वाटते, आणि घाईत असलेला माणूस तेच उचलतो. पण निष्कर्षाची स्लाइड श्रोत्यांच्या मनात ठसावी म्हणून लिहिलेली असते. ती उचलण्याआधी तेराव्या स्लाइडवरच्या मासिक आलेखापर्यंत मागे जा.

तिथे दिसते की १८.३ टक्के हा एप्रिल १८४७चा आकडा आहे (३१२ प्रसूती, ५७ मृत्यू) आणि १.२ टक्के जुलैचा (२५० प्रसूती, ३ मृत्यू). एक आलेखाचे शिखर, दुसरा तळ. जुलैमध्ये आणखी एकच माता दगावली असती तर प्रमाण १.६ टक्के झाले असते, इतका तो आकडा हलका आहे. सप्टेंबरमध्ये प्रमाण पुन्हा ४.६ टक्क्यांवर गेलेले आहे, आणि ते वाक्यात कुठेच नाही. शिवाय एखादा महिना विलक्षण वाईट गेला की पुढचे महिने काहीही न करता थोडेफार बरे जाण्याची शक्यता असतेच. एप्रिलला आरंभबिंदू धरणे म्हणजे त्या घटीचे श्रेयही उपायाला देणे.

मग आरंभबिंदू कोणता? बारावी स्लाइड १८४१ ते १८४६ या सहा वर्षांची बेरीज देते: पहिल्या विभागात २०,०४२ प्रसूतींमागे १,९८९ मृत्यू, म्हणजे ९.९२ टक्के. चौदावी १८४८चे पूर्ण वर्ष देते: ३,५५६ प्रसूतींमागे ४५ मृत्यू, म्हणजे १.२७ टक्के. "९.९२वरून १.२७वर" हे वाक्य "१८.३वरून १.२वर" इतके जोरकस नाही, पण ते हजारो प्रसूतींवर उभे आहे आणि कुणी मोजायला बसले तर टिकते.

इथे थांबता आले असते. पण पंधराव्या स्लाइडवर दुसऱ्या विभागाचा स्तंभ आहे, आणि तो या डेकमधला सगळ्यांत महत्त्वाचा स्तंभ आहे. सहा वर्षांत तिथे ३.८८ टक्के माता दगावल्या होत्या. १८४८मध्ये ३,२१९ प्रसूतींमागे ४३, म्हणजे १.३४ टक्के. पहिल्या विभागातील प्रमाण सुमारे ८७ टक्क्यांनी खाली आले हे खरे, पण त्याच काळात दुसऱ्या विभागातलेही सुमारे ६५ टक्क्यांनी खाली आले आहे. दुसऱ्या विभागात तर शवविच्छेदनाहून येणारे डॉक्टर नव्हते. म्हणजे त्या दोन वर्षांत आणखीही काही बदलले असणार, आणि पहिल्या विभागातली सगळी घट हात धुण्याच्या नावावर मांडता येत नाही.

मग या आकड्यांवरून ठामपणे काय म्हणता येते? आधी दोन विभागांत शंभर प्रसूतींमागे सहा मृत्यूंचे अंतर होते, नंतर ते उरले नाही. दोन्ही विभागांत सारखीच घट आणणारा बदल हे अंतर पूर्ण मिटवू शकत नाही. ते मिटवायला पहिल्या विभागावर जास्त परिणाम करणारा बदल लागतो. आपले उत्तराचे वाक्य म्हणून असे होते: "पहिल्या विभागात हात धुणे सक्तीचे झाल्यानंतर दोन विभागांतली तफावत मिटली." डेकच्या शेवटच्या वाक्यापेक्षा ते सौम्य आहे, पण डेकचे आकडे जेवढे सांगतात तेवढेच सांगते.

डेक दुसऱ्याचा असेल तर या टप्प्यावर वक्त्याला विचारणे भाग आहे. निष्कर्षाची स्लाइड परस्पर बदलू नका, आणि ती चुकीची आहे असेही कळवू नका. इतकेच विचारा: "मुख्य आकडा म्हणून मासिक घेऊ की वार्षिक? दुसऱ्या विभागातली घट गोषवाऱ्यात सांगायची आहे ना?" उत्तर बहुतेक वेळा लगेच येते, कारण श्रोत्यांपैकी कुणीतरी तोच प्रश्न विचारलेला असतो.

शब्दांची वाटणी

दोनशे शब्द आधीच वाटून टाका. या उदाहरणासाठी आम्ही अशी वाटणी धरली आहे: पार्श्वभूमी ४०, प्रश्न २०, पद्धती ५५, निकाल ४५, अर्थ आणि मर्यादा ४०. निकालाला शब्द कमी वाटतात, पण आकडे थोडक्या जागेत पुष्कळ सांगतात. पद्धतीला इथे जास्त दिले, कारण कोणता काळ "आधीचा" आणि कोणता "नंतरचा" हे सांगितल्याशिवाय टक्केवारी निरर्थक आहे. प्रयोगशाळेतल्या कामात नमुन्यांची संख्या आणि मोजमापाची रीत सांगून पद्धती आटोपते, मग ते दहा-पंधरा शब्द निकालाकडे वळवा. पार्श्वभूमीला मात्र चाळिसाच्या वर जाऊ देऊ नका, कारण ती वाढू लागली की कात्री निकालालाच लागते.

मोजताना एक लक्षात घ्या. संगणक मोकळ्या जागेवरून शब्द मोजतो, आणि मराठीत विभक्ती व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, त्यामुळे दोनशे मराठी शब्दांत बराच मजकूर बसतो. "९.९२ टक्के" हे दोन शब्द होतात, "९.९२%" हा एक. गूगल डॉक्समध्ये मजकूर निवडून `Ctrl+Shift+C` दाबले की आकडा दिसतो. मर्यादेत बसवण्यासाठी "१८४८ मध्ये"चे "१८४८मध्ये" करणे चालते, पण शब्द एकमेकांना चिकटवून मर्यादा पाळल्याचा देखावा करू नका, संपादकाच्या ते लगेच लक्षात येते.

आता मसुदा. वाटणीच्या क्रमाने, उत्तराचे वाक्य समोर ठेवून लिहिलेला:

> १८४०च्या दशकात व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील दोन प्रसूती विभागांपैकी पहिल्यात मातामृत्यूंचे प्रमाण दुसऱ्यापेक्षा बरेच जास्त होते. पहिल्या विभागात शवविच्छेदन करणारे डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, तर दुसऱ्यात सुईणी शिकत. कोणती स्त्री कुठे जाईल हे दाखल होण्याच्या दिवसावर ठरे. मे १८४७च्या मध्यापासून पहिल्या विभागात क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुणे सक्तीचे झाल्यावर दोन विभागांतील ही तफावत मिटली का, हे येथे तपासले आहे. त्यासाठी इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८६१मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांतून दोन्ही विभागांतील प्रसूती व मातामृत्यूंचे आकडे घेतले आणि प्रत्येक कालखंडासाठी शंभर प्रसूतींमागे मृत्यू काढले. हात धुण्यापूर्वीचा काळ म्हणून १८४१ ते १८४६ ही सहा वर्षे आणि नंतरचा काळ म्हणून १८४८ हे पूर्ण वर्ष धरले. १८४७ हे बदलाचे वर्ष असल्याने त्यातील जून ते डिसेंबर हे महिने वेगळे पाहिले. आधीच्या काळात पहिल्या विभागात २०,०४२ प्रसूतींमागे १,९८९ (९.९२%) आणि दुसऱ्यात १७,७९१ प्रसूतींमागे ६९१ (३.८८%) माता दगावल्या. जून ते डिसेंबर १८४७मध्ये पहिल्या विभागाचे प्रमाण ३.०४% (१,८४१ प्रसूती, ५६ मृत्यू) होते. १८४८मध्ये ते १.२७% आणि दुसऱ्या विभागाचे १.३४% होते; म्हणजे शंभर प्रसूतींमागे सुमारे ६ मृत्यूंची तफावत मिटली. तफावत मिटणे हे पहिल्या विभागातील जादा धोका शवविच्छेदनानंतर हातांवाटे येत होता या स्पष्टीकरणाशी जुळते. मात्र त्याच काळात दुसऱ्या विभागातील प्रमाणही घटले, त्यामुळे पहिल्या विभागातील संपूर्ण घट हात धुण्यामुळे झाली असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. निष्कर्ष एकाच रुग्णालयाच्या नोंदींपुरता आहे.

हे १९८ शब्द झाले. पार्श्वभूमीत दाखल होण्याच्या दिवसाचा उल्लेख का ठेवला, असा प्रश्न पडेल. तो शोभेसाठी नाही. गरीब किंवा आजारी स्त्रिया पहिल्या विभागात जास्त येत असतील, ही शंका वाचकाला पहिल्यांदा येते. दिवसावरून वाटणी होत असे हे कळले की ती बरीचशी दूर होते. नऊ शब्दांत एवढे काम होत असेल, तर ते राहू द्यावेत. याउलट एप्रिलचे १८.३ टक्के पूर्ण गाळले आहेत. ते खोटे नाहीत, पण एकदा छापले की वाचक तोच आकडा लक्षात ठेवतो.

तपासणी

मसुदा छापून घ्या आणि प्रत्येक आकड्याभोवती गोल करा. शेजारी स्लाइडचा क्रमांक लिहा. ज्या आकड्याला क्रमांक सापडत नाही, तो तुम्ही हिशेबाने काढलेला आहे किंवा चुकीचा उतरलेला आहे. हिशेबाने काढलेला चालतो, उदाहरणार्थ "सुमारे ६" ही ९.९२ आणि ३.८८ यांची वजाबाकी आहे (६.०४), पण ती पुन्हा करून पाहा. टक्केवारी मूळ संख्यांवरूनही एकदा काढा: ५६ भागिले १,८४१, गुणिले शंभर, म्हणजे ३.०४. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि डेकमधलीच चूक यात अनेकदा सापडते, कारण स्लाइडवरचा तक्ता शेवटच्या रात्री बदललेला असतो आणि निष्कर्षाच्या स्लाइडवर जुना आकडा तसाच राहिलेला असतो.

मग क्रियापदांकडे वळा. "सिद्ध झाले", "कारणीभूत ठरले", "मुळे घट झाली" ही कारण सांगणारी रूपे आहेत. "नंतर दिसले", "शी जुळते", "सोबत आढळले" ही फक्त संबंध सांगतात. संशोधकाने स्वतः काही बदलून, तुलनेसाठी गट यादृच्छिक वाटून पाहिले असेल, तरच पहिल्या प्रकारची क्रियापदे बेधडक वापरा. जुन्या नोंदी, सर्वेक्षणे आणि निरीक्षणे यांना दुसऱ्या प्रकारची शोभतात. आपल्या मसुद्यात "जुळते" आहे ते त्यासाठीच. स्लाइडवर मात्र जागेअभावी बाण काढलेले असतात, "हात धुणे → मृत्यू कमी". बाण वाक्यात उतरवताना "मुळे" होऊन बसतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी, डेक न पाहिलेल्या एकाला मसुदा वाचायला द्या आणि तीन गोष्टी विचारा: प्रश्न काय होता, काय सापडले, आणि कशावर विश्वास ठेवू नये. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्याने "हात धुतल्याने मृत्यू कमी झाले" असे सांगितले, तर तफावतीचे वाक्य नीट पोहोचलेले नाही. ते निकालांच्या मध्यात दबले असेल तर निकालांच्या शेवटी आणा, जिथे ते वरच्या मसुद्यात आहे. तिसऱ्या प्रश्नावर तो गप्प राहिला, तर मर्यादा फार गुळगुळीत भाषेत गेली आहे. "आणखी संशोधनाची गरज आहे" हे वाक्य मर्यादा सांगत नाही. ते काढा आणि त्या चार शब्दांत नक्की कोणता आकडा अपुरा पडतो ते लिहा.

शब्द जास्त झाले तर कात्री कुठून लावायची याचाही एक क्रम आहे. आधी "प्रस्तुत अभ्यासामध्ये असे आढळून आले आहे की" यासारखी प्रस्तावना जाते. ती काढून काहीच कमी होत नाही. मग विशेषणे, विशेषतः "लक्षणीय". संख्याशास्त्रात त्या शब्दाला ठराविक अर्थ आहे, आणि चाचणी केलेली नसताना तो वापरला की परीक्षक नेमके तिथेच थांबतो. त्यानंतर पार्श्वभूमीतले ज्याच्याविना उत्तर समजते ते वाक्य. प्रसूतींच्या मूळ संख्या सगळ्यांत शेवटी, आणि शक्यतो नाहीच, कारण टक्केवारी किती माणसांवर उभी आहे हे त्यांच्याशिवाय कळत नाही.